इतिहासाची परीक्षा: पेशवे, तह आणि सन लक्षात ठेवण्यासाठी कटपयादी आणि फ्लॅशकार्ड

इतिहासाच्या पेपरात सगळ्यात जास्त गुण जातात ते माहिती नसल्यामुळे नव्हे, तर सरमिसळीमुळे. पुरंदरचा तह आठवतो, पण १६६५चा की १७७६चा ते आठवत नाही. बाजीराव आठवतो, पण पहिला की दुसरा याचा घोळ होतो. धडा चार वेळा वाचला तरी हा घोळ सुटत नाही, कारण वाचताना सगळंच ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि कोऱ्या कागदावर आठवून लिहिता येणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पेपरात दुसरीच लागते.

या लेखात मी एकच तुकडा घेणार आहे: पेशव्यांचा क्रम आणि इंग्रज-मराठा संघर्षातले तह. या तुकड्यात सन, राज्यकर्ते आणि तह तिन्ही आहेत आणि घोळ व्हायला भरपूर जागाही आहे. हीच रीत पुढे कुठल्याही धड्याला लावता येईल. रीतीचे तीन भाग आहेत: क्रमासाठी वाक्य, सनांसाठी अक्षरांची संकेतपद्धत, आणि या दोन्हींची रोज परीक्षा घेणारी कार्डं. तिसरा भाग वगळून पहिल्या दोनांवर विसंबणारे बरेच असतात. त्यांना परीक्षेत वाक्य आठवतं आणि त्या वाक्यातून काय काढायचं ते आठवत नाही.

पेशव्यांचा क्रम: एक वाक्य

आठ नावं क्रमाने हवी आहेत: बाळाजी विश्वनाथ, पहिला बाजीराव, नानासाहेब, थोरले माधवराव, नारायणराव, रघुनाथराव, सवाई माधवराव, दुसरा बाजीराव. नुसती आद्याक्षरं घेतली तर बा-बा-ना-मा-ना-र-स-बा अशी मालिका होते. ती पाठ होते, पण उपयोगाची नाही, कारण तिच्यात तीन ‘बा’ आणि दोन ‘ना’ आहेत. त्यामुळे वाक्यातल्या शब्दाचं दुसरं अक्षरही शक्यतो नावाशी जुळायला हवं. हे वाक्य घ्या:

बाळाने बाजारात नाना माळा, नारळ, रताळी सगळी बाजूला ठेवली.

‘बाळाने’ म्हणजे बाळाजी, ‘बाजारात’ म्हणजे बाजीराव, ‘नाना’ म्हणजे नानासाहेब, ‘माळा’ म्हणजे माधवराव, ‘नारळ’ म्हणजे नारायणराव, ‘रताळी’ म्हणजे रघुनाथराव, ‘सगळी’ म्हणजे सवाई माधवराव आणि ‘बाजूला’ म्हणजे पुन्हा बाजीराव. ‘बाळ’ आणि ‘बाज’ वेगळे पडले, ‘नान’ आणि ‘नार’ वेगळे पडले. उरलेले दोन बाजीराव वाक्यातल्या जागेवरून ओळखायचे. ‘ठेवली’ हा शब्द पेशवा नाही, तो वाक्य पुरं करण्यापुरता आहे.

तुमच्या पुस्तकातली यादी थोडी वेगळी असू शकते. १७९६ मध्ये रघुनाथरावांचा मुलगा चिमाजी अप्पा याला थोडे दिवस पेशवेपद मिळालं होतं. काही याद्यांत तो असतो, काहींत नसतो. परीक्षा ज्या पुस्तकावर आहे त्याची यादी प्रमाण माना आणि वाक्य त्याप्रमाणे बदला. वाक्य स्वतः केलेलं असलं तर जास्त टिकतं. मात्र ते करण्यात अर्धा तास घालवू नका. पाच-सात मिनिटांत जमत नसेल तर वरचंच घ्या.

सनांसाठी कटपयादी

सन लक्षात राहत नाहीत, कारण आकड्यांना चेहरा नसतो. ७६ आणि ७९ यांत मनाला धरायला काही सापडत नाही. त्यावर आपल्याकडे फार जुना उपाय आहे. ज्योतिष आणि गणितावर लिहिणारे पंडित मोठमोठे आकडे श्लोकात बसवण्यासाठी प्रत्येक व्यंजनाला एक अंक देत. एक हा अंक दाखवणारी अक्षरं क, ट, प, य, म्हणून या पद्धतीचं नाव कटपयादी. कर्नाटक संगीतात ७२ मेळकर्ता रागांची नावं याच पद्धतीने अशी बेतली आहेत की नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून रागाचा क्रमांक काढता येतो.

तक्ता असा:

१ – क, ट, प, य
२ – ख, ठ, फ, र
३ – ग, ड, ब, ल
४ – घ, ढ, भ, व
५ – ङ, ण, म, श
६ – च, त, ष
७ – छ, थ, स
८ – ज, द, ह
९ – झ, ध, ळ
० – ञ, न आणि सुटा स्वर (अ, आ, ऊ वगैरे)

हा तक्ता वेगळा पाठ करायची जवळजवळ गरज नाही, कारण तो वर्णमालाच आहे. क पासून मोजत गेलं की झ नऊवर येतो आणि ञ शून्यावर. ट पासून मोजलं की ध नऊवर, न शून्यावर. प पासून म पर्यंत एक ते पाच. य पासून ह पर्यंत एक ते आठ, आणि नववा ळ. बोटांवर दोन-तीनदा मोजलंत की बसतो.

नियम मोजके आहेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना किंमत नाही. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन मोजायचं, म्हणजे ‘स्ती’ मध्ये स नव्हे, त. परंपरेत अंक उजवीकडून डावीकडे वाचतात: धीरशंकराभरणम् या रागात ध ९ आणि र २, पण क्रमांक २९. आपण मात्र सरळ डावीकडून उजवीकडे वाचू, कारण परीक्षेच्या घाईत उलटवाचन चुकतं. एकदा दिशा ठरली की शेवटपर्यंत तीच ठेवायची. आणि शब्दाची फक्त पहिली दोन अक्षरं मोजायची, पुढची सोडून द्यायची.

दोन अक्षरं पुरतात, कारण शतक बहुतेक वेळा माहीत असतं. पेशवाईतली घटना म्हटली की १७०० पासून १८१८ पर्यंतची. पहिला अंक शून्य आला की आपोआप १८०० नंतरची.

आता पेशव्यांचे सन बघा. प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट असे दोन सन पाठ करायची गरज नाही. एकाचा शेवट तीच साधारण दुसऱ्याची सुरुवात, म्हणून फक्त सुरुवातीचे सन धरायचे.

बाळाजी विश्वनाथ, १७१३. शब्द ‘पगडी’: प १, ग ३. भट घराण्यात पेशवाईची पगडी आली ती या वर्षी.

पहिला बाजीराव, १७२०. शब्द ‘राऊ’: र २, सुटा ऊ ०. बाजीरावाला राऊ म्हणतच.

नानासाहेब, १७४०. शब्द ‘भाऊ’: भ ४, ऊ ०. सदाशिवरावभाऊ याच पेशव्याचा चुलतभाऊ आणि कारभारी.

थोरले माधवराव, १७६१. शब्द ‘चटका’: च ६, ट १. पानिपतचा पराभव, त्या चटक्याने त्याच वर्षी नानासाहेबांचा मृत्यू, आणि मग माधवराव.

नारायणराव, १७७२. शब्द ‘थोर’: थ ७, र २. थोरल्या माधवरावांचा मृत्यू याच वर्षी, म्हणून नारायणराव गादीवर.

यानंतर १७७३ ला शब्द लागत नाही. नारायणरावाला पेशवेपद मिळून वर्ष होतं न होतं तोच त्याचा खून झाला आणि रघुनाथराव आला, म्हणजे ‘थोर’च्या पुढचं वर्ष. सवाई माधवराव १७७४, आणि शब्द त्याच्या नावातच आहे: ‘सवाई’, स ७, व ४. दुसरा बाजीराव १७९६. शब्द ‘धास्ती’: ध ९, स्त मधला त ६. शिंदे-होळकरांच्या धास्तीत या पेशव्याची कारकीर्द गेली. पेशवाईचा शेवट १८१८. शब्द ‘पदच्युत’: प १, द ८. पुढच्या च्यु, त अक्षरांकडे बघायचंच नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. सवाई माधवरावाचा मृत्यू १७९५ मधला आणि दुसरा बाजीराव १७९६ मधला. ‘एकाचा शेवट तीच दुसऱ्याची सुरुवात’ हा नियम इथे वर्षाने चुकतो, म्हणून यासाठी एक वेगळं कार्ड करावं लागतं.

तहांचे शब्द, आणि शब्द कसा निवडायचा

तहांच्या बाबतीत शब्दनिवडीला जास्त वेळ द्या, कारण इथेच पद्धत फसते. शब्दाने अंक तर द्यायलाच हवेत, शिवाय तो त्या तहाशिवाय दुसऱ्या कुठल्याही तहाला चिकटता कामा नये. उदाहरणार्थ सुरतेचा तह, १७७५. ‘समझोता’ हा शब्द अंकांनी बरोबर आहे: स ७, म ५. पण प्रत्येक तह समझोताच असतो, म्हणून परीक्षेत हा शब्द आठवला तरी तो कुणाचा ते कळणार नाही. त्याऐवजी ‘सशस्त्र’ घ्या: स ७, श ५. रघुनाथराव इंग्रजांकडे सशस्त्र मदत मागायला गेला आणि बदल्यात साष्टी आणि वसई द्यायला कबूल झाला. शब्दात तहाचं कारणच आलं.

पुढचे सहा तह याच कसोटीने:

पुरंदरचा तह, १७७६: ‘सचिव’, स ७, च ६. कलकत्त्याच्या इंग्रज सरकारने मुंबईकर इंग्रजांनी केलेला सुरतेचा तह मानला नाही. कर्नल अप्टनला पाठवून त्यांनी पुण्याच्या कारभारी मंडळाशी, म्हणजे सखारामबापू आणि नाना फडणवीस यांच्याशी, तह केला. कारभारी म्हणजे सचिव, असं मनात जोडा.

वडगावचा तह, १७७९: ‘छळ’, छ ७, ळ ९. मुंबईकर इंग्रज राघोबाला, म्हणजे रघुनाथरावाला, घेऊन पुण्याकडे निघाले. मराठ्यांनी गनिमी काव्याने त्यांचा छळ मांडला, वडगावला कोंडलं आणि मानहानीचा तह करायला लावला.

सालबाईचा तह, १७८२: ‘दूर’, द ८, र २. इंग्रजांनी राघोबाला दूर केलं आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध संपलं.

वसईचा तह, १८०२: ‘नरम’, न ०, र २. यशवंतराव होळकराने पुण्यावर मात केल्यावर पळालेला दुसरा बाजीराव नरमला आणि तैनाती फौज मान्य करून बसला. हा तह ३१ डिसेंबरचा आहे. वर्षाच्या अगदी कडेला असल्यामुळे तो १८०३ चा समजण्याची चूक सर्रास होते.

देवगावचा तह, १८०३: ‘नाग’, न ०, ग ३. हा तह नागपूरकर भोसल्यांचा.

सुर्जी-अंजनगावचा तह, १८०३: ‘नगर’, न ०, ग ३. हा शिंद्यांचा, आणि यात त्यांचा अहमदनगरचा किल्ला इंग्रजांकडे गेला.

देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव एकाच महिन्यातले, त्यामुळे भोसले कुठे आणि शिंदे कुठे याची अदलाबदल ठरलेली. वर्ष एकच असलं तरी शब्द वेगळे ठेवले आहेत ते यासाठीच. ‘नाग’ म्हटलं की नागपूर, मग शिंदे आपोआप उरतात.

शब्द शोधताना दोन सापळे आहेत. सुर्जी-अंजनगावला ‘आग्रा’ सुचतो, कारण आग्राही शिंद्यांच्या हातून गेलं. वाटतं आ ०, ग ३. पण ‘ग्रा’ हे जोडाक्षर आहे, त्यातलं शेवटचं व्यंजन र, म्हणजे अंक ०२ आणि तह चुकीच्या वर्षात. पानिपतला ‘तोफ’ही असाच सुचतो: त ६, पण फ २, म्हणजे ६२. दोन्ही शब्द घटनेला इतके चपखल बसतात की तपासायचं भान राहत नाही. म्हणून शब्द ठरला की सन झाकून, फक्त शब्दावरून अंक काढून बघा, आणि मगच कार्डावर चढवा.

क्रमासाठी तहांना वेगळं वाक्य करू नका. पहिल्या चार तहांत राघोबा हाच धागा आहे. सुरतेला त्याने इंग्रजांचा हात धरला, पुरंदरला त्याला वगळून कारभाऱ्यांशी बोलणं झालं, वडगावच्या वेळी मुंबईकरांनी त्याला पुन्हा पुढे केलं, सालबाईला तो कायमचा बाजूला पडला. दुसऱ्या युद्धाचे तीन तह म्हणजे एकामागून एक वाकलेले तिघे: पेशवा, भोसले, शिंदे. जिथे गोष्ट क्रम सांभाळते तिथे आद्याक्षरांचं वाक्य म्हणजे नुसतं ओझं.

कार्डं कशी करायची

ए-फोर कागद तीनदा दुमडून कापला की आठ कार्डं होतात, तो आकार पुरतो. सगळी कार्डं एकाच रंगाच्या कागदाची आणि एकाच शाईची करा. एखादं कार्ड दुमडलेलं किंवा डागाळलेलं असेल तर मन प्रश्न न वाचता त्या डागावरून उत्तर देतं, आणि पेपरात तो डाग नसतो.

एका कार्डावर एकच प्रश्न, ज्याचं उत्तर एका दमात सांगता येईल. सालबाईचा तह घेऊन दाखवतो. ‘सालबाईच्या तहाची माहिती’ असं कार्ड निरुपयोगी, कारण अर्धवट आठवलं तर ते बरोबर धरायचं की चूक ते ठरवता येत नाही. त्याची अशी पाच कार्डं होतात:

पुढे: सालबाईचा तह, सन? मागे: १७८२.
पुढे: १७८२, कोणता तह? मागे: सालबाई.
पुढे: सालबाईच्या तहाने कोणतं युद्ध संपलं? मागे: पहिलं इंग्रज-मराठा युद्ध.
पुढे: सालबाईच्या तहात मध्यस्थ कोण? मागे: महादजी शिंदे.
पुढे: सालबाईच्या तहाने साष्टी कोणाकडे राहिली? मागे: इंग्रजांकडे.

पहिली दोन कार्डं एकमेकांची उलट आहेत, आणि दोन्ही लागतात. तहावरून सन सांगता आला म्हणजे सनावरून तह सांगता येतोच असं नाही. जोड्या लावा आणि कालानुक्रमे लावा या प्रश्नांना दोन्ही दिशा लागतात.

‘दूर’ हा संकेतशब्द कार्डाच्या मागे, कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक लिहा. पुढच्या बाजूला कधीच नको, नाहीतर कार्ड स्वतःच उत्तर फोडेल. पेन्सिलीने लिहायचं कारण पुढे येतंच.

‘पुरंदरचा तह, सन?’ हे कार्ड करू नका. त्याची उत्तरं दोन आहेत, आणि दोन उत्तरांचं कार्ड मनात घोळ पक्का करतं. प्रश्नातच दुसरा पक्ष घाला: ‘पुरंदरचा तह, मिर्झाराजे जयसिंगाशी, सन?’ आणि ‘पुरंदरचा तह, कर्नल अप्टनशी, सन?’ १६६५ साठी ‘चमू’ घ्या: च ६, म ५. चमू म्हणजे सेना, मिर्झाराजांनी मोठी सेना घेऊन पुरंदराला वेढा घातला होता. याशिवाय फरक विचारणारं तिसरं कार्ड करा: ‘पुरंदरचे दोन तह, कोणता कोणाशी?’ अशी फरकाची कार्डं प्रत्येक गोंधळाच्या जोडीसाठी हवीत: दोन बाजीराव, दोन माधवराव, देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव, आणि वसई. वसईचं कार्ड सहसा राहून जातं. चिमाजी अप्पाने पोर्तुगिजांकडून वसई जिंकली १७३९ मध्ये, वसईचा तह झाला १८०२ मध्ये. आणि हा चिमाजी अप्पा पहिल्या बाजीरावाचा भाऊ, १७९६ चा पेशवा नव्हे.

सगळं मिळून पन्नास-साठ कार्डं होतात. मोबाइलवरची अ‍ॅप आहेत, आणि वर्षभराच्या अभ्यासाला ती चांगली. पण परीक्षा आठ-दहा दिवसांवर असेल तर कागदच बरा, कारण अ‍ॅप आपल्या हिशेबाने एखादं कार्ड परीक्षेनंतरच्या तारखेला ढकलून मोकळं होतं. शिवाय हाताने लिहिताना निम्मी कार्डं पाठ होतात.

दहा दिवसांचा क्रम

सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने कार्डं खोक्यांत वाटून फिरवण्याची जी रीत सांगितली तिचं हे आखूड रूप. त्याची खोकी पाच, आपल्याला तीन गठ्ठे पुरतात. नवं कार्ड पहिल्या गठ्ठ्यात जातं. बरोबर आलं की पुढच्या गठ्ठ्यात सरकतं, चुकलं की कुठल्याही गठ्ठ्यात असो, थेट पहिल्यात परत येतं. पहिला गठ्ठा रोज काढायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा तीन-चार दिवसांनी.

पहिल्या तीन दिवसांत कार्डं तयार होतात, रोज वीसच्या आत. पहिल्या दिवशी तक्ता आणि पेशवे, दुसऱ्या दिवशी राघोबाचे चार तह, तिसऱ्या दिवशी उरलेले तह आणि फरकाची कार्डं. चौथ्या दिवसापासून आठव्यापर्यंत फक्त फिरवणं. रोज सलग तास बसण्याऐवजी सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं बसा. मधल्या वेळात थोडं विसरायला होतं, आणि विसरत आलेलं पुन्हा ओढून आणण्यानेच ते पक्कं होतं. लगेच परत विचारलेलं कार्ड बरोबर आलं तर त्याला काही अर्थ नाही. पत्ते पिसावेत तशी कार्डं प्रत्येक वेळी पिसून घ्या, नाहीतर आधीच्या कार्डावरून पुढच्याचं उत्तर आठवू लागतं.

कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणा किंवा कागदावर लिहा. मनातल्या मनात ‘हो, येतंय’ म्हणून उलटलं की तो पुन्हा वाचनाचाच प्रकार झाला. पाच-सहा सेकंदांत आलं नाही तर चूक धरा. उलटल्यावर ‘हेच म्हणणार होतो’ असं वाटलं तरी चूकच.

चुकलेलं कार्ड नुसतं पहिल्या गठ्ठ्यात टाकू नका, चूक कसली ते बघा. वडगाव वाचून ‘छळ’ आठवला, पण आकडा ७६ काढला, तर शब्द ठीक आहे, तक्ता कच्चा आहे. दोन मिनिटं बोटांवर य, र, ल, व पासून ळ पर्यंत मोजा. वडगाव वाचून शब्दच आठवला नाही, तर घटनेची आणि शब्दाची गाठ सैल आहे. तेव्हा आकडा घोकू नका. इंग्रज फौज माघार घेते आहे, मराठे तिची रसद तोडताहेत, पाण्यालाही मोताद करताहेत, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा आणि त्यावर ‘छळ’ हा शब्द ठेवा. आणि वडगाव वाचून ‘सचिव’ आठवला, तर दोन तह एकमेकांत मिसळलेत, त्यांचं फरकाचं कार्ड करा. एकच कार्ड तीनदा परत आलं तर त्याचा शब्द बदला. तो तुमच्या मनाला धरत नाही, एवढंच.

पाच-सहा दिवसांनी जाणवेल की काही सन शब्दावाचून येऊ लागले. १७८२ म्हटलं की थेट सालबाई, मध्ये ‘दूर’ येतच नाही. असं सलग दोनदा झालं की कोपऱ्यातला पेन्सिलीचा शब्द खोडून टाका. संकेतशब्दाचं काम तेवढंच होतं. जे सन थेट येत नाहीत त्यांचे शब्द शेवटपर्यंत ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

नवव्या दिवशी कार्डं बाजूला ठेवून कोरा कागद घ्या. आडवी रेघ ओढा, डाव्या टोकाला १७१३, उजव्या टोकाला १८१८. रेघेच्या वर आठ पेशवे, खाली सात तह, आठवणीतून. मग पुस्तक उघडून लाल शाईने दुरुस्त करा. कार्डांवर सुटी-सुटी बरोबर येणारी उत्तरं इथे एकमेकांना तपासतात: वसईचा तह रेघेवर सवाई माधवरावाच्या खाली पडला, तर काहीतरी चुकलं आहे हे कुणी न सांगता दिसतं. लाल झालेल्या जागांची कार्डंच दहाव्या दिवशी काढायची. त्या दिवशी नवं कार्ड एकही नको. आदल्या रात्री घातलेली नवी जोडी जुन्या, पक्क्या जोडीला धक्का देते.

या सगळ्याने सन, नावं, क्रम आणि ठळक अटी येतात. ‘सालबाईच्या तहानंतर वीस वर्षं शांतता का टिकली’ किंवा ‘तैनाती फौजेमुळे पेशव्याचं स्वातंत्र्य कसं गेलं’ हे कार्डावर मावत नाही. त्याचं उत्तर लिहून सरावावं लागतं. कार्डांमुळे इतकंच होतं की तसं उत्तर लिहिताना सनासाठी थांबावं लागत नाही. म्हणून सहाव्या-सातव्या दिवसापासून फिरवलेल्या कार्डांतलं कुठलंही एक घेऊन त्याच्या ‘का’ वर पाच-सहा ओळी लिहा.

परीक्षागृहात प्रश्नपत्रिका हाती आली की प्रश्न वाचण्याआधी, कच्च्या कामाची मुभा असेल तर, उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर ओळीने लिहून काढा: पगडी, राऊ, भाऊ, चटका, थोर, सवाई, धास्ती, पदच्युत. त्याखाली सशस्त्र, सचिव, छळ, दूर, नरम, नाग, नगर. याला दोन मिनिटंही लागत नाहीत. जोड्यांच्या प्रश्नात पर्याय समोर आले की सारखी दिसणारी नावं डोक्यात गर्दी करतात, म्हणून ही यादी त्याआधीच कागदावर असावी. पेपर संपवताना त्या पानावर एक तिरकी रेघ मारा आणि बाजूला ‘कच्चे काम’ असं लिहा.